फिक्या रंगांचा माग

विंडोजमध्ये एचडीआर चालू केलं की पडदा एक-दोन सेकंद काळा होतो, परत उजळतो आणि समोर जे दिसतं त्याने बहुतेकांचा हिरमोड होतो. वॉलपेपरवरचा लाल विटका झालेला असतो, काळा भाग करडा दिसतो, खिडक्यांवर पातळ धुकं पसरल्यासारखं वाटतं. ज्या चित्रपटासाठी हा खटाटोप केला, तोही कधी कधी तसाच धुरकट निघतो. मग मॉनिटरचा ब्राइटनेस वाढवून पाहायचा, ग्राफिक्स कार्डाच्या पॅनेलमध्ये रंग ताणायचे, ड्रायव्हर नव्याने टाकायचा आणि शेवटी एचडीआर बंद करून नाद सोडून द्यायचा, हा क्रम ठरल्यासारखा आहे.

हे पुस्तक त्या क्रमाला पर्याय देण्यासाठी लिहिलं आहे. डेस्कटॉप फिका दिसणं आणि व्हिडिओ फिका दिसणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, हे त्यातलं मुख्य म्हणणं. डेस्कटॉपचा फिकेपणा पुष्कळदा चूक नसतोच. आधी जे दिसत होतं तेच भडक असतं. व्हिडिओचा फिकेपणा मात्र बहुतेक वेळा खरी चूक असते आणि ती शोधून काढता येते. एकाचा उपाय दुसऱ्यावर केला, म्हणजे डेस्कटॉप बरा दिसावा म्हणून ग्राफिक्स कार्डात रंग वाढवले, तर चित्रपटातले चेहरे शेंदरी होतात आणि माणूस पहिल्यापेक्षा जास्त गोंधळतो.

नव्या वाचकाला या विषयाचा नकाशा समजायचा तर सुरुवात एका साध्या प्रश्नापासून करावी लागते. व्हिडिओच्या फाइलमध्ये रंग नसतात, आकडे असतात. त्या आकड्याचा उजेड किती, हे कोण ठरवतं?

जुन्या पद्धतीत याचं उत्तर सैल होतं. काचेच्या नळीच्या टीव्हीला विजेचा दाब जितका वाढवावा तितक्या सरळ प्रमाणात उजेड वाढत नसे. अंधाऱ्या भागात तो हळू वाढे आणि वर गेल्यावर झपाट्याने. ही वक्ररेषा म्हणजेच गॅमा. १९९० साली बीटी.७०९ हे एचडी टीव्हीचं प्रमाण आलं. संगणकासाठी १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एसआरजीबी मांडलं. नळीचे टीव्ही मागे पडल्यावर २०११ मध्ये बीटी.१८८६ ने त्या टीव्हीची वक्ररेषा २.४ या घाताने कागदावर पक्की केली. या साऱ्या परंपरेत सर्वांत मोठ्या आकड्याचा अर्थ ‘तुमच्या पडद्याला जमेल तेवढा पांढरा’ एवढाच होता. स्टुडिओत तो साधारण १०० निट्सचा धरून रंग जुळवत. घरी कोणी १२० वर पाही, कोणी ३०० वर, आणि दोघांचंही चालून जाई. निट हे उजेडाचं एकक, पडद्याच्या एक चौरस मीटर पृष्ठभागामागे एक कँडेला.

एचडीआरने हा सैलपणा काढून टाकला. डॉल्बीच्या संशोधकांनी २०१२ मध्ये एक नवी वक्ररेषा मांडली. माणसाच्या डोळ्याला उजेडातला किती बारीक फरक कळतो, याच्या पीटर बार्टेन यांनी केलेल्या गणिती मांडणीवर ती आधारलेली होती. २०१४ मध्ये ती एसटी २०८४ या नावाने प्रमाण झाली. बोलताना तिला पीक्यू म्हणतात. तिच्यात प्रत्येक आकड्याला ठरावीक निट्स आहेत, शून्यापासून थेट १०,००० पर्यंत. डोळा अंधारातले फरक जास्त टिपतो, म्हणून निम्मे आकडे साधारण १०० निट्सच्या खालच्या उजेडावरच खर्च केले आहेत. रंगांची मर्यादाही बीटी.७०९ पेक्षा खूप मोठी धरली गेली. ती २०१२ च्या बीटी.२०२० मधून आली.

याच काळात दुसरा विचारही उभा राहिला. बीबीसी आणि जपानची एनएचके यांना थेट प्रक्षेपण करायचं होतं, आणि घराघरातल्या जुन्या टीव्हीवरही चित्र बरं दिसायला हवं होतं. त्यांनी एचएलजी काढली. तिचा खालचा भाग जुन्या गॅमासारखा, वरचा भाग दाबून बसवलेला, आणि आकड्यांचा अर्थ पुन्हा पडद्याच्या ताकदीच्या प्रमाणात. २०१६ च्या बीटी.२१०० मध्ये दोन्ही पद्धती शेजारी शेजारी मान्य झाल्या. निरपेक्ष की सापेक्ष, हा या क्षेत्रातला पहिला मोठा भेद, आणि त्याचा परिणाम घरच्या पडद्यावर सरळ दिसतो. चुकीच्या पद्धतीने दाखवलेली एचएलजी जराशी मवाळ दिसते. चुकीच्या पद्धतीने दाखवलेली पीक्यू ओळखू येईल इतकी करडी पडते. आयफोनवर काढलेला लग्नाचा एचडीआर व्हिडिओ संगणकावर थोडा फिका दिसतो आणि पीक्यूवर बेतलेला एचडीआर-१० चा चित्रपट पार राखेसारखा, त्याचं कारण हेच. २०२० पासूनचे एचडीआर काढणारे आयफोन एचएलजीच्या पायावरचं डॉल्बी व्हिजन नोंदवतात.

दुसरा भेद मेटाडेटाचा. एचडीआर-१० मध्ये संपूर्ण चित्रपटासाठी एकच माहिती असते. डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर-१०+ मध्ये ती प्रसंगागणिक बदलते. फिकेपणाच्या प्रश्नात याचं महत्त्व जाहिरातींत सांगतात त्यापेक्षा कमी आहे, म्हणून इथे त्यावर थांबत नाही.

तिसरा भेद मात्र संगणकावर पाहणाऱ्यासाठी सर्वांत महत्त्वाचा. टीव्हीवर एका वेळी एकच चित्र असतं. संगणकाच्या पडद्यावर एचडीआर चित्रपटाच्या शेजारी मेलची खिडकी असते, आणि ती जुन्या पद्धतीच्या आकड्यांत लिहिलेली असते. दोघांना एका पडद्यावर कसं बसवायचं? ॲपलने पडद्याच्या नेहमीच्या पांढऱ्याच्या वर शिल्लक उजेड राखून ठेवण्याची वाट धरली. नेहमीचा मजकूर जिथल्या तिथे राहतो आणि एचडीआरला वरची जागा मिळते. विंडोजने संपूर्ण पडद्याची रीतच बदलणारं बटण दिलं. ते दाबलं की मॉनिटरला जाणारा सारा सिग्नल पीक्यू होतो, आणि मेलची खिडकी, वॉलपेपर, टास्कबार, सगळ्याला विंडोज त्या भाषेत बसवतं. लिनक्सवर केडीईने २०२४ च्या प्लाझ्मा ६ मध्ये आणि ग्नोमने २०२५ च्या ४८ व्या आवृत्तीत हे काम हाती घेतलं. या पुस्तकाचा भर विंडोजवर आहे, कारण तक्रार सर्वांत जास्त तिथेच येते.

विंडोजच्या या रूपांतरात नेमकं काय होतं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. आजचे पुष्कळसे मॉनिटर एसआरजीबीपेक्षा जास्त रंग दाखवू शकतात. साध्या रीतीत विंडोज वॉलपेपरचे आकडे जसेच्या तसे पाठवतं, आणि मॉनिटर ‘पूर्ण लाल’ म्हणजे स्वतःला जमणारा सर्वांत गडद लाल दाखवतो. तो मूळ छायाचित्रातल्या लालपेक्षा गडद असतो, पण वर्षानुवर्षं पाहून डोळ्याला तोच खरा वाटू लागतो. एचडीआर चालू झाल्यावर विंडोज तो लाल एसआरजीबीच्या मोजमापात नेऊन बसवतं, म्हणजे तो जिथे असायला हवा तिथे आणतं. पाहणाऱ्याला वाटतं, रंग उडाले. याची खात्री करणं सोपं आहे. एचडीआर बंद करून मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत sRGB हा मोड लावावा, एक ओळखीचं छायाचित्र पाहावं, मग एचडीआर चालू करून तेच पाहावं. दोन्ही वेळा रंगांची गडदता सारखी वाटली, तर तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नाही. आठवडाभर तसंच वापरलं तर डोळा सरावतो.

पण डेस्कटॉपच्या सावल्यांचा प्रश्न खरा आहे, आणि तो विंडोजच्या एका निवडीतून येतो. एसआरजीबीच्या प्रमाणात वक्ररेषेचा अगदी तळाचा तुकडा सरळ रेषा आहे. बहुतेक मॉनिटर प्रत्यक्षात साधी २.२ ची वक्ररेषा पाळतात, आणि वर्षानुवर्षं चित्रं, खेळ, संकेतस्थळं त्याच मॉनिटरवर पाहून बनवली गेली. एचडीआर रीतीत विंडोज मात्र प्रमाणातली सरळ तळाची रेषा वापरतं. मधल्या करड्यांत फरक जवळपास नाही. तळाशी तो मोठा आहे. २५५ पैकी १० हा आकडा घ्या. पांढरा २०० निट्सचा धरला तर २.२ च्या वक्ररेषेने या आकड्याचा उजेड सुमारे ०.१६ निट होतो; विंडोजच्या पद्धतीने सुमारे ०.६ निट. जवळजवळ चौपट. काळा कोट करडा दिसतो तो यामुळे, आणि ब्राइटनेस कमी-जास्त करून तो जात नाही, कारण बिघाड उजेडाच्या एकूण प्रमाणात नसून वक्ररेषेच्या तळात आहे.

यावर रंगांचं प्रोफाइल बसवून तळ खाली ओढण्याचा उपाय प्रचलित आहे, आणि डेस्कटॉपपुरता तो चालतो. त्याची मर्यादा मात्र नीट समजून घ्यावी. असं प्रोफाइल सगळ्या खिडक्या एकत्र झाल्यानंतर, पडद्याकडे जाणाऱ्या तयार चित्रावर काम करतं. त्यातला कुठला अंधार मेलच्या खिडकीचा आणि कुठला चित्रपटाचा, हे त्याला कळत नाही. त्यामुळे चित्रपटात बरोबर असलेल्या सावल्याही ते दाबतं. असं प्रोफाइल ठेवायचं असेल तर चित्रपट पाहण्यापूर्वी ते काढण्याची सवय लावून घ्यावी लागते.

आता व्हिडिओकडे. इथे एक प्रकरण तपशिलात मांडतो, कारण पुस्तकाची पद्धत त्यातून स्पष्ट होते. २७ इंची आयपीएस मॉनिटर, डिस्प्लेएचडीआर ४०० चा शिक्का, एचडीएमआय केबल, विंडोज ११. एचडीआर-१० चा चित्रपट लावला की चेहरे मेणासारखे, आकाश पांढुरकं, रात्रीचे प्रसंग करडे.

पहिलं काम म्हणजे सेटिंग्जना हात न लावता फाइलला विचारणं. एफएफएमपेग या साधनसंचातली ही आज्ञा त्यासाठी पुरते:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=pix_fmt,color_transfer,color_primaries -of default=nw=1 film.mkv
```

उत्तरात `color_transfer=smpte2084` आणि `color_primaries=bt2020` आलं तर फाइल पीक्यूची आहे आणि तिच्यावरची चिठ्ठी शाबूत आहे. `arib-std-b67` आलं तर ती एचएलजी. `bt709` आलं तर फाइल एचडीआर म्हणून नोंदलेलीच नाही. `unknown` आलं तर चिठ्ठी कुठेतरी गळाली आहे, बहुधा कोणीतरी फाइल पुन्हा एन्कोड करताना. चिठ्ठी गळालेली पीक्यू फाइल ही फिकेपणाची सर्वांत निखळ जात. आकडे पीक्यूचे असतात आणि वाचणारा त्यांना जुन्या गॅमाचे समजतो.

त्याचा परिणाम हिशेबाने दाखवता येतो. एचडीआरमध्ये साध्या पांढऱ्या कागदासाठी २०३ निट्स हा संदर्भ धरतात, बीटी.२४०८ या अहवालात तो दिला आहे. पीक्यूत त्याचा आकडा पट्टीच्या ५८ टक्क्यांवर पडतो. १ निटच्या सावलीचा आकडा १५ टक्क्यांवर. आता हेच आकडे २.२ च्या वक्ररेषेने वाचले, तर कागद पडद्याच्या कमाल उजेडाच्या ३० टक्के होतो आणि सावली दीड टक्का. मुळात कागद सावलीच्या २०३ पट उजळ होता. पडद्यावर तो जेमतेम २० पट राहिला. पांढरा खाली आला, काळा वर आला, आणि दोघांमधलं अंतर दहा भागांतून एका भागावर आलं. शिवाय बीटी.२०२० चे रंग बीटी.७०९ चे समजले गेल्याने गडदताही कमी झाली. राखेसारखा दिसणारा चित्रपट म्हणजे ही दोन चुकीची वाचनं एकावर एक. यावर सॅच्युरेशन वाढवणं हा उपाय होऊच शकत नाही, कारण बिघडलेलं अंतर त्याने परत येत नाही.

आपल्या प्रकरणात फाइल नीट निघाली. मग प्रश्न प्लेअरचा. प्लेअरपुढे दोन प्रामाणिक वाटा असतात. पडदा पीक्यू रीतीत असेल तर आकडे आणि चिठ्ठी दोन्ही पुढे द्यायची. पडदा साध्या रीतीत असेल तर स्वतःच मोठा उजेड लहान पडद्यात बसवायचा. यालाच टोन मॅपिंग म्हणतात. गडबड तेव्हा होते, जेव्हा प्लेअर आधी टोन मॅपिंग करून चित्र साध्या पद्धतीचं करतो आणि विंडोज त्या साध्या चित्राला पुन्हा पीक्यूत बसवतं. चित्र फारसं चुकत नाही, पण एचडीआर राहत नाही. दिव्यांची झळाळी जाते, सावल्यांना वर सांगितलेला चौपट उजेड लागतो, आणि पाहणाऱ्याला ‘एचडीआर लावलं तरी फिकं’ असं वाटतं. mpv या प्लेअरमध्ये पहिली वाट अशी सांगता येते, `mpv.conf` या फाइलीत:

```
vo=gpu-next
target-colorspace-hint=yes
```

चित्रपट चालू असताना `i` ही कळ दाबली की प्लेअर कुठल्या वक्ररेषेतून वाचतो आणि कुठल्या वक्ररेषेत बाहेर पाठवतो, ते पडद्यावरच लिहून येतं. दोन्हीकडे पीक्यू दिसलं तर प्लेअरचं काम झालं. व्हीएलसी आणि विंडोजचा स्वतःचा प्लेअर यांच्या तपासण्याही पुस्तकात आहेत; तत्त्व हेच.

पुढचा थांबा विंडोज. Settings, System, Display आणि मग Advanced display इथे मॉनिटरच्या नावाखाली Color space पुढे High dynamic range (HDR) लिहिलेलं असायला हवं. बटण चालू असूनही तिथे Standard dynamic range दिसत असेल, तर बहुधा केबल, पोर्ट किंवा मॉनिटरच्या मेनूतलं एचडीआरचं स्वतंत्र बटण आडवं आलं आहे. मग HDR च्या पानावरचं SDR content brightness. हे बटण एचडीआर व्हिडिओला हात लावत नाही. साध्या खिडक्यांचा पांढरा किती निट्सचा धरायचा एवढंच ते ठरवतं, ८० पासून ४८० पर्यंत, आणि ३० वर तो सुमारे २०० होतो. अनेकांनी ते ७०-८० वर नेलेलं असतं. मग मेलची खिडकी ४०० निट्सने डोळ्यांवर येते आणि तिच्या शेजारी बरोबर दाखवलेला चित्रपट मलूल भासतो. ते ३० च्या आसपास आणल्यावर तोच चित्रपट न बदलता जिवंत वाटू लागतो. इतक्या कमी कष्टात इतका फरक पाडणारी दुसरी दुरुस्ती मला ठाऊक नाही.

त्यानंतर आकड्यांची मर्यादा. टीव्हीच्या परंपरेत काळा ० वर नसून १६ वर असतो आणि पांढरा २३५ वर. संगणकाच्या परंपरेत ० ते २५५. एचडीएमआयवर १९२०×१०८० किंवा ३८४०×२१६० अशी टीव्हीच्या मापाची चित्रं जाताना मर्यादित पट्टी गृहीत धरण्याची रीत आहे. कार्डाने मर्यादित पट्टी पाठवली आणि मॉनिटरने ती पूर्ण समजली, की पीक्यूत शुद्ध काळा ०.१ निटवर चढतो आणि १ निटची सावली सुमारे २ निट्सची होते. एनव्हीडियाच्या पॅनेलमध्ये Output dynamic range, एएमडीच्या पॅनेलमध्ये Pixel Format, आणि मॉनिटरच्या मेनूत Black Level किंवा RGB Range अशा नावाने या जोडीची दोन टोकं असतात. ओळखण्याची खूण अशी: काळ्यालगतच्या छटांच्या पट्ट्या असलेलं चाचणीचित्र लावून कार्डाची बाजू बदलून पाहावी. एका स्थितीत काळा करडा आणि दुसऱ्यात शेजारच्या पट्ट्या वेगळ्या दिसत राहून काळा खाली, तर दुसरी स्थिती बरोबर. बदलल्यावर खालच्या पट्ट्या एकमेकांत बुडून गेल्या, तर पहिली बरोबर होती. दोन्ही टोकं एकाच वेळी बदलू नयेत. मग काहीच कळत नाही.

आपल्या प्रकरणात प्लेअर चिठ्ठी पुढे देत नव्हता, कार्डाची आणि मॉनिटरची पट्टीही जुळत नव्हती, आणि दोन्ही दुरुस्त झाल्यावर चेहऱ्यांना रंग आला, आकाश निळं झालं. तरीही रात्रीचे प्रसंग करडेच राहिले. इथे या विषयातलं सर्वांत कमी बोललं जाणारं कारण समोर येतं, आणि त्याला सेटिंग नाही.

आयपीएस पडद्याचा कॉन्ट्रास्ट साधारण १०००:१ असतो. म्हणजे मागचा दिवा जितका तेज, त्याच्या हजाराव्या भागाएवढा उजेड काळ्यातून पाझरतो. साध्या रीतीत पांढरा १२० निट्सवर ठेवला तर काळा ०.१२ निट. एचडीआरमध्ये ४०० निट्सची झळाळी दाखवायला हवी म्हणून मॉनिटर दिवा कमालीवर नेतो आणि काळा ०.४ निट होतो. दिव्याचे स्वतंत्र कमी-जास्त होणारे भाग, ज्याला लोकल डिमिंग म्हणतात, ते असतील तर अंधारा भाग वेगळा मंद करता येतो. डिस्प्लेएचडीआर हा शिक्का व्हेसा या संस्थेने डिसेंबर २०१७ मध्ये सुरू केला. त्याच्या ४०० या पायरीसाठी लोकल डिमिंगची सक्ती नव्हती. त्यामुळे शिक्का खरा, सिग्नल बरोबर, आणि रात्र तरीही करडी, असं होऊ शकतं. हे ताडायची खूण साधी आहे. खोलीत अंधार करून पूर्ण काळं चित्र लावावं आणि एचडीआर चालू-बंद करून पाहावं. बंद केल्यावर काळा स्पष्टपणे गडद झाला आणि वरच्या सगळ्या तपासण्या बरोबर निघालेल्या असतील, तर मर्यादा काचेची आहे.

अशा मॉनिटरवर माझा सल्ला स्पष्ट आहे: चित्रपटासाठी विंडोजचं एचडीआर बंद ठेवावं आणि टोन मॅपिंगचं काम प्लेअरकडे द्यावं. यातही संप्रदाय आहेत. २००२ मध्ये एरिक राइनहार्ड आणि सहकाऱ्यांनी मांडलेली रीत साधी आणि सौम्य, खेळांच्या क्षेत्रातून आलेली हेबलची वक्ररेषा झळाळी छान वळवते पण एकूण चित्र थोडं काळवंडतं, बीटी.२३९० मधली रीत मधले उजेड जवळपास तसेच ठेवून फक्त वरचं टोक वाकवते. चेहरे महत्त्वाचे मानणाऱ्याने शेवटच्या रीतीपासून सुरुवात करावी. mpv मध्ये आधीची `target-colorspace-hint` ची ओळ काढून `tone-mapping=bt.2390` लिहिलं की झालं. या पडद्यावर असा चित्रपट ‘खऱ्या’ एचडीआरपेक्षा चांगला दिसतो, हे मान्य करायला लोक तयार नसतात, कारण शिक्क्यासाठी पैसे मोजलेले असतात. पण दोन्ही शेजारी लावून पाहिल्यावर वाद उरत नाही.

ज्यांच्याकडे ओलेड किंवा अनेक भागांच्या लोकल डिमिंगचा पडदा आहे, त्यांनी मात्र एचडीआर चालूच ठेवावं आणि मायक्रोसॉफ्टचं Windows HDR Calibration हे साधन एकदा चालवावं. त्यात पडद्याचा सर्वांत खालचा उजेड, छोट्या भागातला कमाल उजेड आणि पूर्ण पडद्याचा कमाल उजेड, असे तीन आकडे नमुने पाहून नोंदवले जातात. मॉनिटरने स्वतःबद्दल चुकीचे आकडे सांगितले असतील तर ते इथे सुधारतात. शेवटी येणारी रंगांची गडदता वाढवणारी पट्टी तशीच सोडावी.

पुस्तकाची रचना या पद्धतीला धरून आहे: फाइल, प्लेअर, विंडोज, कार्ड, मॉनिटर, याच क्रमाने, आणि प्रत्येक टप्प्यावर आधी तपासणी, मग दुरुस्ती. मॉनिटरच्या मॉडेलनुसार ‘हे आकडे टाका’ अशा याद्या यात मुद्दाम नाहीत. एकाच मॉडेलच्या दोन पडद्यांत फरक असतो, फर्मवेअर बदललं की मेनू बदलतो, आणि दुसऱ्याचे आकडे टाकून मिळालेलं चित्र बरोबर आहे की नाही, हे ठरवायला तुमच्याकडे काहीच राहत नाही. खेळांमधला एचडीआर हा वेगळा आणि मोठा विषय आहे. तोही इथे घेतलेला नाही. मोजणीचं यंत्र असणाऱ्यांसाठी काही मजकूर आहे, पण बाकी सगळं यंत्राविना, डोळ्यांनी आणि चाचणीचित्रांनी करता येईल असंच ठेवलं आहे.

हा विषय आता मांडावासा वाटला, कारण एचडीआर आता हौशी लोकांपुरता राहिलेला नाही. फोन तो आपणहून नोंदवतो, ओटीटी तो आपणहून पाठवतं, स्वस्तातल्या मॉनिटरवरही त्याचा शिक्का असतो. या तीन ठिकाणी तो मागितल्याशिवाय येतो, आणि संगणकावर मात्र त्याला वाट करून द्यावी लागते.

वाचकांना एक विनंती. पुस्तक हाती घेण्यापूर्वी विंडोजच्या HDR पानाचे, कार्डाच्या पॅनेलचे आणि मॉनिटरच्या मेनूचे आत्ताचे आकडे एका कागदावर लिहून ठेवा किंवा फोनवर त्यांचे फोटो काढा. पुढच्या प्रत्येक तपासणीत एका वेळी एकच गोष्ट बदलायची आहे, आणि न जमल्यास मूळ जागी परत यायचं आहे.